झुरळ आपल्या बिळात परतलं पाहिजे

डोंबिवलीत आमच्या शेजारणीकडे पेस्ट कंट्रोलवाला आला, तेव्हा मीही तिथेच होते. बाळ नुकतं रांगायला लागलेलं, त्यामुळे तिचा जीव टांगणीला लागला होता.

"दादा, फवारणीनंतर किती वेळ घराबाहेर राहायचं?"

"फवारणी करायचीच नाहीये, ताई. जेल लावणार आहे. घरातच थांबा, फक्त माझं काम होईपर्यंत बाळाला स्वयंपाकघरात आणू नका."

त्याने आधी टॉर्च काढला. ओट्याखालच्या ट्रॉल्या बाहेर ओढून बिजागऱ्यांत, सिंकखाली आणि फ्रिजच्या मागे मोटारीजवळ उजेड टाकला. बिजागरीपाशी मिरपूड सांडावी तसे काळे कण होते. "ही त्यांची विष्ठा. जिथे ही जास्त, तिथेच त्यांचा मुक्काम." शेजारीच एक तपकिरी, चपटी डबी पडली होती, तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. ती अंड्यांची. घरातल्या या लहान, फिकट तपकिरी जातीला जर्मन झुरळ म्हणतात. मादी अशी डबी पोटाला चिकटवूनच फिरते आणि एका डबीत तीस-चाळीस अंडी असतात.

मग त्याने कोपऱ्याचा वास घेतला आणि विचारलं, "ताई, काल स्प्रे मारला होतात का?"

ती ओशाळली. "रात्री चार-पाच दिसली, राहवलं नाही. खडूच्या रेघाही ओढल्यात."

"तिथे जेल लावलं तर झुरळं त्याच्या जवळही जाणार नाहीत. स्प्रेने समोरची चार मरतात, बाकीची पांगून दुसऱ्या फटीत जातात." त्याने साबणाच्या पाण्याने त्या जागा पुसून, कोरड्या करून घेतल्या. या कामात त्याचा बराच वेळ गेला.

आता जेलची सिरिंज निघाली. प्रत्येक बिजागरीच्या आतल्या बाजूला, ट्रॉलीच्या रुळामागे, सिंकच्या खालच्या कडेला त्याने ज्वारीच्या दाण्याएवढा एकेक ठिपका दिला. तिला ते फारच थोडं वाटलं.

"एवढ्याशाने काय होणार?"

"एक मोठा गोळा ठेवण्यापेक्षा बरेच छोटे ठिपके बरे. झुरळ फार लांब जात नाही, त्याच्या वाटेवरच खाणं मिळायला हवं. आणि हे खाऊन ते लगेच मरत नाही. आपल्या फटीत परततं, तिथे मरतं. पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळही खातात, म्हणजे औषध त्यांच्याही पोटात जातं."

स्प्रे मारल्यावर झुरळ डोळ्यांसमोर तडफडतं आणि आपल्याला समाधान मिळतं. जेलचा सगळा भर मात्र झुरळाच्या परत जाण्यावर आहे.

"पण बाळाचा हात लागला तर?"

"म्हणूनच आतल्या फटीत लावलंय, भांड्यांच्या किंवा धान्याच्या जागी एकही ठिपका नाही. यात औषधाचं प्रमाण शंभर ग्रॅमला पाच शतांश ग्रॅम. तरी हात लागला तर साबणाने धुवा, तोंडात गेलं तर हे लेबल घेऊन डॉक्टरांकडे जा." त्याने तिला वेष्टनाचा फोटो काढायला लावला.

जाताना त्याने तीन चिकट सापळे ठेवले. "तीन-चार दिवस भर दुपारी झुरळं लडखडत बाहेर येतील. घाबरू नका, औषध लागू पडल्याची ती खूण आहे. मेलेली झाडून टाका. ठिपके पुसू नका आणि काही झालं तरी स्प्रे मारू नका. रात्री सिंक कोरडं ठेवा, खरकटं राहू देऊ नका. दुसरं खायला मिळालं तर ती जेलकडे वळणार नाहीत."

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला. आदल्या आठवड्यात सापळ्यांवर सव्वीस झुरळं चिकटली होती. नंतर बदललेल्या सापळ्यांवर फक्त चार, तीही पिल्लं. शेजारणीचा चेहरा उतरला. "म्हणजे परत झाली?"

"नाही ताई, ही त्या डब्यांतली. डबीच्या कवचातून औषध आत जात नाही, म्हणून दुसरी फेरी ठेवतो. या पिल्लांना मोठं व्हायला दीड-दोन महिने लागतात. त्याआधी ती जेल खातील, तर पुढची अंडी होणारच नाहीत." सुकलेले ठिपके खरवडून त्याने नवे लावले.

एक मर्यादा त्याने आपणहून सांगितली. मोरीतून येणारी मोठी, लालसर झुरळं ड्रेनेजमध्ये राहतात. घरातल्या फटींत लावलेल्या या जेलचा त्यांच्यावर फारसा उपयोग होत नाही, त्यांच्यासाठी जाळी घट्ट बसवायला हवी. आणि भिंतीपलीकडच्या घरात झुरळं असतील, तर पाइपच्या भोकातून ती पुन्हा येतील. तिने त्याच संध्याकाळी सिंकखालच्या पाइपभोवतीचं भोक सिमेंटने बुजवून घेतलं. स्प्रेचा डबा माळ्यावर टाकला आणि मला म्हणाली, "आता राहवलं नाही, तरी हात पोचणार नाही."