गजरा पाणी पीत नाही

बर दुबईच्या जुन्या कापडबाजारामागे मंदिराची अरुंद गल्ली आहे. तिथे आणि करामा, मीना बाजार भागातल्या फुलवाल्यांकडे मिळणारा मोगरा बहुतेक दक्षिण भारतातून विमानाने येतो. कळी पहाटे खुडली जाते, मग बांधली जाते, बर्फाच्या पेटीत बसून समुद्र ओलांडते आणि दुकानात येते. म्हणजे गजरा आपल्या हातात पडतो तेव्हा त्याच्या छोट्या आयुष्यातला बराच भाग संपलेला असतो. उरलेल्या वेळात तो सकाळच्या आरतीपासून रात्री मंडळाच्या कार्यक्रमापर्यंत टिकवायचा असेल, तर घरोघरी चालत आलेल्या काही समजुती बाजूला ठेवाव्या लागतात. त्यांतली पहिली आणि सर्वांत नुकसान करणारी समजूत पाण्याबद्दल आहे.

‘पाणी शिंपडलं की गजरा ताजा राहतो’

गुलाब किंवा निशिगंधाची काडी फुलदाणीत ठेवली तर देठातून पाणी वर चढते. गजऱ्यातल्या मोगऱ्याला तेवढा देठच नसतो. हिरव्या दांड्यांची वाटी आणि तिच्याखाली एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचे टोक, एवढेच त्याच्याकडे असते आणि त्यावरही दोऱ्याची गाठ बसलेली असते. झाडावरून निघताना जेवढे पाणी पाकळ्यांत होते, तेवढीच त्याची पुंजी. आपण बाहेरून कितीही पाणी घातले तरी त्यात फारशी भर पडत नाही. आपल्या हातात एकच गोष्ट उरते, ते पाणी हळूहळू जाईल असे पाहणे.

पाकळीवर थेंब बसून राहिला तर उलटाच परिणाम होतो. मोगऱ्याची पाकळी पातळ आणि नाजूक असते. पाणी साचले की ती जागा आधी काचेसारखी पारदर्शक दिसते आणि काही तासांत तपकिरी पडते. फुले वाडग्यात बुडवून ठेवली तर सगळा गजराच असा होतो. मग फुलवाले दिवसभर पाणी का शिंपडतात? त्यांची फुले उघड्यावर, उकाड्यात असतात. शिंपडलेले पाणी उडून जाताना फुलांना थोडे गार करते आणि माल दोन-चार तासांत विकला जातो. आपल्याला मात्र तोच गजरा उद्या रात्रीपर्यंत हवा असतो, त्यामुळे त्यांची पद्धत आपल्या उपयोगाची नाही.

ओल्या कापडाचे काम वेगळे आहे. ते फुलाला पाणी देत नाही, फुलाभोवतीची हवा दमट ठेवते. भोवतालची हवा ओलाव्याने भरलेली असली की पाकळीतले पाणी बाहेर पडायला वाव राहत नाही. त्यासाठी जुन्या मलमलीचा किंवा पंचाचा रुमालाएवढा तुकडा घ्यावा. धुताना कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव्य वापरले असेल, तर तो साध्या पाण्यात दोनदा खळबळून काढावा, कारण त्या द्रव्याचा थर कापडाला पाणी नीट शोषू देत नाही आणि त्याचा वास फुलांना लागतो. मग गार पाण्यात भिजवून पूर्ण ताकदीने पिळावा. पिळलेले कापड हाताच्या मागच्या बाजूवर दाबून बघा. गारवा जाणवला पाहिजे, पण कातडी ओली होता कामा नये. एवढीच ओल पुरते. त्या कापडात गजरा सैल गुंडाळायचा. घट्ट गुंडाळला तर फुले एकमेकांवर दाबली जातात.

‘प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून ठेवली की झालं’

फुलवाला गजरा पातळ पिशवीत घालून देतो आणि पुष्कळ जण तो तसाच फ्रिजमध्ये ठेवतात. खुडलेले फूल जिवंत असते, ते श्वास घेते आणि त्यात थोडी उष्णता आणि वाफ तयार होते. घट्ट पिशवीत ही वाफ आतल्या बाजूला थेंब होऊन जमते आणि थेट पाकळ्यांवर उतरते. शिवाय पिशवी भाजीपाल्याखाली चेपली जाते.

त्याऐवजी झाकणाचा पसरट डबा घ्यावा, स्टीलचा किंवा प्लॅस्टिकचा, कोणताही चालेल. तळाशी कोरड्या कापडाची घडी, तिच्यावर ओलसर कापडात सैल गुंडाळलेला गजरा आणि झाकणाच्या आत आणखी एक कोरडे कापड, म्हणजे झाकणावर जमणारे दव ते कापड टिपून घेते. डबा बंद असायला हवा. आजकालच्या बर्फ न साचणाऱ्या फ्रिजमध्ये पंखा कोरडी हवा सतत फिरवत असतो. डबा उघडा राहिला तर सकाळपर्यंत कापड वाळून कडक होते आणि मग तेच फुलातले पाणी ओढू लागते.

डबा मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून दूर ठेवावा. त्या भिंतीला टेकलेली फुले गोठतात आणि गोठलेली पाकळी खोलीत आली की काळवंडून लिबलिबीत होते. फ्रीझरचा विचार त्याच कारणाने सोडून द्यावा. पिकलेली केळी आणि सफरचंदेही त्या फळीवरून हलवावीत. पिकताना ती जो वायू सोडतात, तो फुलांना लवकर म्हातारे करतो.

‘फ्रिजमुळे वास मरतो’

या समजुतीत निम्मे तथ्य आहे. थंड मोगऱ्याला वास जवळजवळ येत नाही, कारण सुगंधाची द्रव्ये थंडीत हवेत कमी उडतात आणि थंडीमुळे फुलातली ती तयार होण्याची क्रियाही मंदावते. पण फूल खोलीच्या तापमानाला आले की वास परततो.

मोगऱ्याची कळी पहाटे खुडली तर नेहमीच्या हवेत ती त्याच दिवशी संध्याकाळी उमलते. मिटलेल्या कळीला वास अगदी थोडा असतो. उमलताना आणि उमलल्यानंतरचे पहिले काही तास सुगंध भरात असतो, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्यांच्या कडा तपकिरी पडू लागतात. एकदा उमललेले फूल पुन्हा मिटत नाही. म्हणून दिवसभर वास हवा असेल तर खरे काम उमलणे लांबवण्याचे आहे आणि ते थंडीच करू शकते. दुकानात पूर्ण उमललेला, घमघमणारा गजरा हाती आला की तो सर्वांत ताजा वाटतो, पण उद्यासाठी तो चुकीचा आहे. उद्यासाठी टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र, घट्ट मिटलेल्या कळ्यांचा घ्यावा. टोकाला हिरवट झाक असलेल्या कळ्या मात्र कोवळ्या खुडलेल्या असतात. त्यांतल्या अनेक उमलतच नाहीत.

वासाची तक्रार कधी कधी फुलाच्या जातीमुळेच असते. थंडीच्या दिवसांत दक्षिणेत मोगऱ्याचा बहर उतरतो आणि भाव चढतो. त्या काळात, नेमक्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, गजऱ्यात कागडा सर्रास येतो. त्याची कळी लांबट, सडपातळ आणि टोकदार असते आणि वास मुळातच थोडा. मोगऱ्याची कळी गोलसर आणि भरीव. हा फरक बोटांना लगेच कळतो. कागड्यावर अत्तर किंवा स्प्रे मारून वास आणण्याचा मोह होतो, पण स्प्रेमधला अल्कोहोल पाकळ्यांवर तपकिरी ठिपके उठवतो. अत्तर लावायचेच तर मनगटाला लावावे.

‘इथला उकाडा गजरा मारतो, एसीत तो सुरक्षित असतो’

बाहेरचा उकाडा मिनिटागणिक जास्त घातक आहे, यात वाद नाही. उन्हात उभ्या गाडीत डबा राहिला तर वाचवण्यासारखे काही उरत नाही. पण आपण बाहेर पाच-दहा मिनिटे असतो आणि एसीत दहा-बारा तास. एसीच्या झोताखाली बसलेल्या बाईचा गजरा दोन तासांत कडेने कुरकुरीत होतो. वाहती कोरडी हवा पाकळीला लागून असलेला ओलाव्याचा थर सतत उडवून नेते. सभागृहात खुर्ची निवडताना वर झरोका कुठे आहे ते बघावे आणि गाडीत झोत डोक्यावरून वळवावा.

ऑगस्ट-सप्टेंबरात इथल्या किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट घडते. संध्याकाळी हवा इतकी दमट असते की एसीतून बाहेर पाऊल टाकताच चष्म्यावर धुके बसते. फ्रिजमधला डबा अशा हवेत उघडला तर तसेच दव पाकळ्यांवर बसते आणि आपण रात्रभर टाळलेले पाणी एका क्षणात फुलांवर येते. म्हणून डबा बंदच ठेवून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, साधारण अर्धा-पाऊण तास, आणि घरातच उघडावा.

शारजात राहणाऱ्या कुटुंबाचा गणेश चतुर्थीचा दिवस घ्या. आदल्या संध्याकाळी दोन गजरे आणले, दोन्ही कळ्यांचे. घरी येताच पिशवीतून काढून, दोऱ्याला धरून हलकेच झटकले, ओले थेंब कोरड्या कापडावर टिपले आणि वेगवेगळ्या डब्यांत ठेवले. एकाच डब्यात ठेवले तर पहिला काढताना दुसऱ्याला ऊब लागते. सकाळी नऊच्या आरतीसाठी पहिला डबा सातला बाहेर काढला. थंडीत थबकलेल्या कळ्यांना उमलायला दोन तास अपुरेच आहेत, आरतीला काही अर्धवट उमललेल्या असतील आणि वास दुपारी वाढेल. दुसऱ्या डब्याचे कापड सकाळी चाचपून पाहिले, कडा वाळल्या असतील तर फक्त कापड काढून पुन्हा भिजवून, पिळून ठेवले. रात्री आठला दुबईत कार्यक्रम आहे, वाटेत गर्दी आहे, म्हणून हा डबा दुपारी तीनला फ्रिजबाहेर आणला. गाडीत तो पायाशी, सावलीत ठेवला आणि सभागृहात पोहोचल्यावर माळला.

माळताना फुलांना बोट लावू नये. मोगऱ्याच्या पाकळीवर बोट दाबले की त्या वेळी काही दिसत नाही, तासाभराने तिथे तपकिरी डाग उमटतो. आकडे दोऱ्यातून घालावेत, फुलातून नाही. केसांना स्प्रे मारायचा असेल तर आधी मारून पूर्ण वाळू द्यावा. विकत घेताना बांधणीही पाहावी. सुईने ओवलेल्या गजऱ्यात प्रत्येक फुलाला भोक पडलेले असते आणि डाग तिथूनच सुरू होतो. बोटांनी गाठी मारून देठाशी बांधलेला गजरा म्हणून जास्त टिकतो. त्यासाठी थोडे जास्त पैसे मोजावेत असे माझे मत आहे.

एवढे करूनही गजरा बिघडला तर कारण डागावरून कळते. कडा कुरकुरीत असतील तर हवा कोरडी होती. पाकळी पारदर्शक आणि लिबलिबीत झाली असेल तर पाणी साचले किंवा फूल गोठले. मधोमध गोल डाग असेल तर बोट किंवा दाब लागला. आंबूस वास आला तर कापड फार ओले होते किंवा डबा उबेत राहिला.

ज्यांच्या बाल्कनीत सकाळचे ऊन येते त्यांनी कुंडीत मोगरा लावून पाहावा. गरमीच्या महिन्यांत तो इथे फुलतो. घरच्या कळ्या पहाटे खुडण्याची गरज नाही. फुलवाल्याला त्या दूर पाठवायच्या असतात, आपल्याला नाही. संध्याकाळी पाचच्या सुमारास, फुगून पांढऱ्या झालेल्या पण अजून मिटलेल्या कळ्या देठासकट खुडाव्यात आणि लगेच बांधाव्यात. तासा-दोन तासांत त्या केसांतच उमलतात.