वर्कशॉपमधलं नियंत्रण : भट्टीच्या कंट्रोलरमधली तीन अक्षरं

अकोल्याच्या बाजारात सरकीच्या पेंडीचा सौदा होतो तेव्हा भावाइतकाच प्रश्न भेसळीचाही असतो. पेंडीत माती-वाळू मिसळली आहे का, हे पाहण्याची जुनी आणि भरवशाची पद्धत म्हणजे राख. नमुना तोलून मुशीत घ्यायचा, मफल फर्नेसमध्ये ५५० अंश सेल्सिअसला पूर्ण जाळायचा आणि उरलेली राख तोलायची. ती राख सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात उकळली की पेंडीतले बहुतेक क्षार विरघळतात आणि वाळू तळाला तशीच राहते. पशुखाद्याच्या राखेसाठी असलेल्या आयएसओ ५९८४ या प्रमाणपद्धतीतही ५५० हेच तापमान आहे. भट्टी ५०० वर रेंगाळली तर कोळसा शिल्लक राहतो आणि राख जास्त भरते. ती ६०० च्या बरीच वर उसळली तर पोटॅशियम-सोडियमचे क्लोराइड उडून जाऊ लागतात, राख वितळून चिकटते आणि आकडा कमी येतो.

मागच्या आठवड्यात आपण साधा ऑन-ऑफ थर्मोस्टॅट पाहिला. अशा भट्टीला तो पुरत नाही, कारण कॉइल बंद केली तरी तिच्यात आणि विटांत साठलेली उष्णता आत येतच राहते. म्हणून पॅनलवर पीआयडी कंट्रोलर बसवलेला असतो. तो थर्मोकपलकडून तापमान घेतो आणि कॉइलला शून्य ते शंभर टक्के यांमधली हवी तेवढी वीज देतो. म्हणजे दोन सेकंदांच्या प्रत्येक चक्रात एसएसआर किती वेळ चालू ठेवायचा, एवढंच तो ठरवतो. त्याचं गणित एका ओळीत मावतं :

```
u = Kp * ( e + (1/Ti) * ∫ e dt - Td * dT/dt )
```

इथे e म्हणजे हवं असलेलं तापमान वजा प्रत्यक्ष तापमान, T म्हणजे प्रत्यक्ष तापमान आणि u म्हणजे कॉइलला दिलेली टक्केवारी. पुढचे सगळे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेल्या २ किलोवॅटच्या एका छोट्या भट्टीचे आहेत. ही भट्टी ५५० वर नुसती टिकवायला ३६ टक्के वीज लागते, असं धरू.

आधी फक्त P घेऊ. बऱ्याच कंट्रोलरवर P चा आकडा थेट Kp नसतो. तो अंशांतला पट्टा असतो, प्रपोर्शनल बँड. पट्टा ५० अंशांचा असेल तर ५०० पर्यंत पूर्ण वीज मिळते, ५५० ला शून्य, आणि मध्ये त्या प्रमाणात. आता अडचण पाहा. भट्टीला टिकायला ३६ टक्के वीज हवी, पण ५५० ला पोहोचताच P तिला शून्य वीज देतो. म्हणून ती तिथे पोहोचतच नाही. साधारण ५३३ ला वीज आणि गळती यांचा मेळ बसतो आणि काटा तिथेच थांबतो. हा बिघाड नाही, P चा स्वभावच असा आहे. पट्टा अरुंद केला की तूट कमी होते. पण तो १० अंशांवर आणला तर भट्टीला झुलायची सवय लागते : पूर्ण चालू, पूर्ण बंद, पुन्हा पूर्ण चालू. पट्टा फार अरुंद झाल्याची खूण हीच, की काटा एका ठरावीक वेळेने वर-खाली होत राहतो आणि ते हेलकावे मरत नाहीत.

राहिलेली १७ अंशांची तूट I भरून काढतो. I म्हणजे थकबाकीची वही. जितका वेळ तापमान कमी असेल तितकी थकबाकी साठते आणि त्या प्रमाणात वीज वाढत जाते. ५५० ला फरक शून्य होतो, P शून्य देतो, आणि लागणारी सगळी ३६ टक्के वीज I कडून येते. वही किती वेगाने भरायची हे Ti ठरवतो. कंट्रोलरवर तो सेकंदांत असतो. आकडा लहान असेल तर वही झपाट्याने भरते आणि मोठा असेल तर सावकाश. इथेच बहुतेकांची गल्लत होते. I चा आकडा वाढवला की I चा जोर वाढतो असं वाटतं, पण सेकंदांत मोजणाऱ्या कंट्रोलरवर तो कमी होतो. बऱ्याच कंट्रोलरमध्ये I शून्य ठेवला तर तो भाग बंदच होतो.

भट्टी ५५० ओलांडून पुढे धावते तेव्हा माझ्या मते पहिला संशय I वर घ्यावा, P वर नाही. आपल्या भट्टीत Kp १.३ आहे, म्हणजे पट्टा ७७ अंशांचा, आणि Ti ७२० सेकंद. भट्टी सकाळी थंड असताना सुरू केली तर अर्धा-पाऊण तास तापमान खूप खाली असतं आणि वही भरतच जाते. कंट्रोलरने ती १०० टक्क्यांवर अडवली असली, तरी ५५० ला पोहोचताना I कडे १०० टक्के असतात आणि हवे असतात फक्त ३६. मधले ६४ टक्के उतरायचे तर तापमान वर जाणं भागच आहे, कारण वही रिकामी होते ती फरक उलटा झाल्यावरच. हिशेब केला तर सुमारे ३५ हजार अंश-सेकंद येतात, म्हणजे तापमान ३० अंशांनी वर आणि तेही जवळपास २० मिनिटं. पेंडीची राख बिघडायला एवढं पुरे.

याला वाइंडअप म्हणतात. त्यावरचा इलाज असा, की आउटपुट १०० टक्क्यांवर अडकलेलं असेल किंवा तापमान पट्ट्याबाहेर असेल तोवर वहीत काहीही मांडायचं नाही. चांगल्या कंट्रोलरमध्ये ही सोय आधीच असते. ती आहे का, हे थंड भट्टी एकदा चालवून काटा पाहिला की लगेच कळतं.

पण आपल्या वऱ्हाडात वाइंडअपला आणखी एक वाट मिळते, आणि ती परदेशी माहितीपुस्तिकेत सापडत नाही. लाइट जाते. पॅनल इन्व्हर्टरवर असतं म्हणून कंट्रोलर जागा राहतो. कॉइल मात्र थेट लाइनवर, म्हणून ती थंड. दहा मिनिटांत भट्टी ५५० वरून ४७० च्या आसपास येते. कंट्रोलर वीज मागत राहतो, वीज जात नाही, वही भरते. आउटपुट अडकल्यावर थांबायची सोय नसेल तर या दहा मिनिटांत I ३६ टक्क्यांवरून ७९ वर जाऊ शकतो. सोय असली तरी दहा-बारा टक्के वाढतोच. लाइट आली की भट्टी उसळी घेते, आणि तपासनीस नमुन्याला दोष देतो. म्हणून कंट्रोलरची वीज कॉइलच्याच लाइनवरून द्यावी. मग लाइट गेली की दोन्ही बंद पडतात आणि परत आल्यावर बहुतेक कंट्रोलर कोऱ्या वहीने सुरुवात करतात. भट्टी खालून हळू वर येते. वेळ जातो, पण नमुना वाचतो.

उरला D. तो तापमान किती वेगाने बदलतं आहे ते पाहतो. आपली भट्टी पूर्ण विजेवर ५५० जवळ येताना मिनिटाला १६ अंश चढते. Td ४५ सेकंद असेल तर D ला पुढचे १२ अंश आत्ताच दिसतात आणि तो १६ टक्के वीज आधीच कापतो. कॉइलची उष्णता थर्मोकपलपर्यंत उशिरा पोहोचते, तो उशीर D थोडा भरून काढतो. पण D ला खरा बदल आणि खोटा बदल यांतला फरक कळत नाही. तापमानाचं वाचन एका सेकंदात एका अंशाने नाचलं, तर हाच D ५८ टक्के वीज इकडची तिकडे करतो. आउटपुटचा आकडा सारखा उड्या मारत असेल तर D जास्त आहे, किंवा थर्मोकपलची तार कॉइलच्या तारेला चिकटून गेली आहे. दार उघडून मूस ठेवतानाही हेच होतं : हवा क्षणात थंड होते, D घाबरून पूर्ण वीज देतो, पण विटा गरमच असतात आणि दार लावताच तापमान आपोआप परत येतं. अशा भट्टीला मी D १५ ते २० सेकंदांवरच ठेवायला सांगेन, आणि मूस ठेवताना कंट्रोलर मॅन्युअलवर घ्यायला.

आकडे काढायची रीत सोपी आहे, तिला फक्त एक निवांत दुपार लागते. रिकाम्या मुशी आत ठेवून भट्टी मॅन्युअलवर ५५० जवळ स्थिर करायची. मग वीज एकदम १० टक्क्यांनी वाढवायची आणि दर अर्ध्या मिनिटाला तापमान लिहायचं. समजा पहिली ९० सेकंद काटा हललाच नाही. हा झाला मृतकाळ. त्यानंतर तो मिनिटाला सुमारे अडीच अंशांनी चढू लागला. जॉन झिग्लर आणि नॅथॅनिएल निकोल्स यांनी १९४२ मध्ये दिलेल्या सूत्रांना एवढ्या दोनच गोष्टी पुरतात. त्यांनुसार Kp ३.२, Ti मृतकाळाच्या दुप्पट म्हणजे १८० सेकंद आणि Td मृतकाळाच्या निम्मा म्हणजे ४५ सेकंद येतो.

हे आकडे जसेच्या तसे घालू नयेत. ती सूत्रं धक्का लवकर सावरण्यासाठी आहेत आणि त्यांत पहिला हेलकावा चांगलाच मोठा असतो. भट्टीत वर गेलेलं तापमान खाली आणायला कंट्रोलरकडे काहीच साधन नसतं, ती आपोआप थंड होण्याची वाट पाहावी लागते. म्हणून Kp निम्म्याहून कमी करून १.३ घ्यावा आणि Ti मृतकाळाच्या आठपट, म्हणजे ७२० सेकंद. वर घेतलेले आकडे आले ते इथूनच.

ही चाचणी ज्या तापमानाला काम करायचं त्याच तापमानाला घ्यायची. २०० अंशांना गळती कमी असते, त्यामुळे त्याच वाढीव विजेने भट्टी शेवटी कितीतरी जास्त चढते, आणि तिथले आकडे ५५० ला लागू पडत नाहीत. ऑटोट्यूनचं बटण दाबणाऱ्यांनीही हे पाळावं. आणि व्होल्टेज पाहावं. २३० च्या जागी २०० मिळाले तर कॉइलची शक्ती ७६ टक्क्यांवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. I ते भरून काढतो, ३६ च्या जागी सुमारे ४८ टक्के देतो, पण रात्रीच्या पूर्ण व्होल्टेजवर ऑटोट्यून केलेली भट्टी दुपारी थोडी सुस्त वाटेल.

तुमच्या प्रयोगशाळेत किंवा वर्कशॉपमध्ये अशी भट्टी असेल तर काहीही बदलण्याआधी सध्याचे P, I, D हे तीन आकडे आणि ते कोणत्या एककात आहेत, हे कागदावर लिहून पॅनलच्या आत चिकटवा. एका वेळी एकच आकडा बदला आणि भट्टी पूर्ण स्थिर होईपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. पुढच्या आठवड्यात थर्मोकपलची तार पाहू, कारण तीच चुकीची असेल तर या तिन्ही अक्षरांचा काही उपयोग नाही.