पंधरा खुणांचा ओळखपट्टा

कारखान्याच्या उपाहारगृहाला मसाले पुरवू इच्छिणारा पुण्यातला एक पुरवठादार समजा. तो खरेदी विभागाला पाठवतो जीएसटी प्रमाणपत्र, पॅन कार्ड, एफएसएसएआय परवाना आणि रद्द केलेला धनादेश. त्यातले क्रमांक, तारखा आणि नावं उचलून व्हेंडर मास्टरच्या तपासयादीत भरायची. काम नकलून काढण्याचं दिसतं. पण खरी मेहनत हे कागद एकमेकांशी जुळवण्यात आहे.

उदाहरणासाठी रचलेला हा जीएसटी क्रमांक पाहा: 27ABCFS1234K1Z7. पहिले दोन अंक राज्याचे, 27 म्हणजे महाराष्ट्र. पुढची दहा चिन्हं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन: पाच अक्षरं, चार अंक, एक अक्षर. त्यामुळे स्कॅन धूसर असला आणि आठव्या जागी O वाचला गेला, तर तो शून्यच असणार, कारण तिथे अक्षर येऊच शकत नाही. 1 च्या जागी 7 वाचला तर मात्र साचा मोडत नाही. तिथे शेवटचं चिन्ह कामी येतं. ते आधीच्या चौदा चिन्हांवरून गणिताने ठरतं. वरच्या क्रमांकात 1234 ऐवजी 7234 घेतलं, तर शेवटी 7 नव्हे, V यायला हवा.

आता पॅनचं चौथं अक्षर. F म्हणजे भागीदारी संस्था, P म्हणजे व्यक्ती, C म्हणजे कंपनी. आपल्या पुरवठादाराच्या जीएसटी क्रमांकात F आहे, पण सोबतच्या पॅन कार्डावर P आहे आणि परवानाही त्याच व्यक्तीच्या नावाने. म्हणजे एकट्याचा धंदा भागीदारीत गेला, संस्थेला नवा पॅन आणि नवी जीएसटी नोंदणी मिळाली, पण बाकीचे कागद जुनेच राहिले असावेत. प्रत्येक कागद स्वतंत्रपणे खरा, तरीही हा संच अपुरा. तपासयादीत इथे ‘प्राप्त’ अशी खूण करणं चूकच. संस्थेचा पॅन आणि संस्थेच्या नावाचा परवाना मागवायला हवा, धनादेशावरचं नावही पाहायला हवं.

तारखांचा सापळा वेगळा. परवान्यावर मुदतीची अखेर छापलेली असेल, तर ती जशीच्या तशी घ्यावी. नियमित करदात्याच्या जीएसटी प्रमाणपत्रावर मात्र अशी अखेर नसते. तिथे रकाना कोरा ठेवला तर तारीख राहून गेली असं वाटतं, आणि प्रमाणपत्र दिल्याची तारीख भरली तर ती नोंदणीची समजली जाते. तपशिलात दुरुस्ती झाली की प्रमाणपत्र नव्या तारखेने निघतं. म्हणून ‘लागू नाही’ असं स्पष्ट लिहावं.

शिवाय विवरणपत्रं न भरल्याने नोंदणी रद्द झाली, तरी पुरवठादाराकडची जुनी पीडीएफ तशीच राहते. म्हणून जीएसटी संकेतस्थळावर क्रमांक टाकून सद्यःस्थिती पाहावी आणि ती कोणत्या दिवशी पाहिली याचाही रकाना ठेवावा. तीन महिन्यांनी मोठी रक्कम देताना लेखा विभाग आधी तोच रकाना बघेल.