लहान दिवाणखाना, मोठा गोतावळा : बैठकीची मांडणी

घरात कोणी अठ्ठाई केली की पारण्याच्या आदल्या दिवशी साता विचारण्यास आप्तेष्टांची रीघ लागते. त्याच दिवशी तासा-दीड तासाची भक्ती ठेवली, तर सारी मंडळी एकाच वेळी जमतात. फ्लॅटमधील दिवाणखाना बहुधा दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब असतो. त्यात सोफासेट आणि मधली टीपॉय एवढी जागा व्यापतात की सात माणसे बसली म्हणजे आठव्याला दारातच उभे राहावे लागते. त्याच खोलीत एकोणीस पाहुणे सुखाने बसू शकतात. त्यासाठी आसनांची जमवाजमव करण्यापूर्वी जागेचा आणि माणसांच्या गुडघ्यांचा हिशेब करावा लागतो.

प्रथम वाट आखावी. बाहेरच्या दारापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत भिंतीलगत दोन फुटांची पट्टी मोकळी ठेवावी आणि तिच्यावर लहान मुलासाठीही आसन टाकू नये. दार आत उघडत असेल तर त्या कोपऱ्यात तीन फूट सोडावेत. ही वाट बुजली की उशिरा आलेला पाहुणा बसलेल्यांना ओलांडत पुढे जातो आणि वृद्धांना मध्येच उठणे अशक्य होते. टीपॉय आतल्या खोलीत न्यावी. प्रभावना दारापाशी, निघताना दिली की तिच्यासाठी मध्ये मेज लागत नाही.

वाट सोडल्यावर आठ फूट रुंदी उरते. दाराच्या समोरच्या भिंतीशी तपस्वींचे आसन मांडावे आणि त्यासाठी तीन फूट खोली द्यावी. त्यांच्यापुढे जमिनीवरच्या तीन ओळी येतात. मांडी घालून बसणाऱ्यास पंगतीप्रमाणे दोन फूट रुंदी आणि अडीच फूट खोली पुरते. म्हणजे एका ओळीत चार आणि तीन ओळींत बारा पाहुणे झाले. त्यांच्यामागे अडीच फुटांच्या पट्ट्यात तीन स्टुले आणि अगदी मागे, भिंतीला लागून, चार घडीच्या खुर्च्या ठेवाव्यात. दाराचा कोपरा वगळून तेथे सात फूट रुंदी मिळते, ती चार खुर्च्यांना बरोबर पुरते. सोफा हलवणे शक्य नसेल तर तोच मागच्या भिंतीशी ठेवावा. तीन जण बसतील, एकच जागा कमी होईल.

स्टूल आणि खुर्ची यांची बैठक साधारण सारख्याच उंचीची असते. म्हणून स्टुले खुर्च्यांच्या थेट पुढे न ठेवता दोन खुर्च्यांमधील फटीसमोर ठेवावीत. चार खुर्च्यांपुढे तीनच स्टुले ठेवण्याचे कारण हेच. तसे केले नाही तर मागच्या आजी-आजोबांना तपस्वींऐवजी पुढच्याची पाठ दिसते.

या मांडणीत जमिनीवर बारा आणि उंचावर सात अशी वाटणी आहे. पाहुण्यांची नावे लिहिताना प्रत्येकापुढे ‘मांडी’, ‘स्टूल’ किंवा ‘खुर्ची’ अशी खूण केली तर ती वाटणी आपल्या घरी पुरेल की नाही हे आधीच कळते. ज्यांचे गुडघे दुखतात पण पाठ ठीक आहे त्यांना स्टूल चालते. ज्यांना पाठीला टेका हवा त्यांच्यासाठी खुर्चीच राखून ठेवावी, कारण टेक्याविना तासभर बसणे वयस्कर माणसाला जड जाते. काही जण मांडी घालून बसतात, पण उठताना त्यांना हात टेकावा लागतो. त्यांना ओळीच्या भिंतीकडील टोकाला बसवावे. उठताना हलक्या प्लॅस्टिकच्या स्टुलाचा आधार घेऊ देऊ नये, ते कलंडते.

स्टूल घेताना त्यावर बसून पाहावे. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा कमरेपेक्षा वर जाता कामा नये. बुटका मोडा दिसायला सुबक असला तरी त्यावरून उठताना सारा भार गुडघ्यांवर येतो. पायांना खालून रबरी टोप्या असाव्यात, नाहीतर गुळगुळीत फरशीवर स्टूल सरकते. एकात एक बसणारी स्टुले कोपऱ्यात दीड फूट जागेत उभी राहतात, हा लहान घरात मोठाच लाभ आहे. घडीच्या खुर्चीची परीक्षा तिच्या पुढच्या कडेवर बसून करावी. मागचे पाय उचलले गेले किंवा सांधा कुरकुरला तर ती खुर्ची वृद्धांसाठी नव्हे. मिटलेल्या चार खुर्च्या पलंगाखाली आडव्या राहतात.

जमिनीवरच्या आसनांचा विचार करताना आपल्या जुन्या पेढ्यांवरील गादी-लोडाची बैठक आठवावी. दिवसभर हिशेब लिहिणारे मुनीमजी तिच्यावर बसत, कारण कापसाची घट्ट गादी शरीराला उचलून धरते. हाताची मूठ दाबली असता फरशी लागली तर ते आसन निकामी समजावे. स्वस्त फोमचे पुष्कळदा असेच होते. कापूस बसून गाठाळला असेल तर पिंजून घ्यावा. तीन-चार इंच उंचीचे आसन पुरेसे असते. त्याने कंबर गुडघ्यांहून थोडी वर येते आणि पाठ आपोआप ताठ राहते. आसनांखाली सतरंजी अंथरावी, म्हणजे ती सरकत नाहीत. ही आसने पाहुण्यांसाठी आहेत. सामायिक-प्रतिक्रमणासाठीची कटासणी वेगळी असतात, त्यांची सरमिसळ करू नये.

आपल्या घरांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. पर्युषण पावसाळ्यात येते आणि वर्षभर मिटून ठेवलेल्या वस्तूंत त्याच दिवसांत जीवोत्पत्ती होते. घडीच्या खुर्च्यांच्या नळ्यांची उघडी टोके, वेतातील फटी, गादीच्या शिवणी आणि झाकणाच्या पेटी-स्टुलांचे तळ ही त्यांची घरे होत. ऐन वेळी खुर्ची झटक्याने उघडली तर सांध्यात जीव चिरडला जातो. औषध फवारणे तर यतनेला सोडूनच आहे. म्हणून आठवडाभर आधी, उघडीप मिळताच, सारे सामान गॅलरीत सावलीला आणावे, हळुवार उघडावे आणि पूंजणीने प्रमार्जन करावे. जीव दिसल्यास त्याला सुरक्षित जागी सोडावे. जीवरहित झाल्याची खात्री पटल्यावरच गाद्या उन्हाला घालाव्यात आणि नळ्यांच्या टोकांना रबरी बुचे बसवावीत. दमट वास येणारी गादी पुन्हा पेटीत बंद करू नये. मांडताना स्टूल ओढू नये, उचलून ठेवावे. खालचा जीव वाचतो आणि फरशीवर ओरखडाही उठत नाही.

आता मर्यादेविषयी. अशा खोलीत चौथी ओळ घालण्याचा मोह होतो. ती घातली की तपस्वींपुढची जागा आक्रसते, वाट बुजते आणि खोलीत कोंडते. आठ दिवसांच्या उपवासाने क्षीण झालेल्या देहाला ती कोंडी सोसत नाही. पाहुणे तीस असतील तर दुपारी तीन आणि साडेचार अशा दोन वेळा कळवाव्यात. गुडघ्यांची खूण केलेली यादी हाती असतेच. तिच्यावरून खुर्चीची गरज असलेली मंडळी दोन्ही वेळांत वाटून घ्यावीत, म्हणजे सात उंच आसने दोन्ही खेपांना पुरतात आणि शेजाऱ्यांकडून खुर्च्या मागवाव्या लागत नाहीत.