लहानपणी झालेलं हायपोस्पेडियसचं ऑपरेशन आणि लग्नाच्या वयातल्या शंका

हायपोस्पेडियस म्हणजे जन्मतः लघवीचं छिद्र लिंगाच्या टोकाला नसून खालच्या बाजूला असणं. दर दोनशे-तीनशे मुलग्यांमागे साधारण एकात हा दोष आढळतो. ऑपरेशन बहुधा पहिल्या दीड-दोन वर्षांत होतं. मुलाला ते आठवत नाही आणि घरात पुढे कुणी विषय काढत नाही. मग लग्नाची बोलणी सुरू झाली की मनात शंका येऊ लागतात.

गैरसमज: वीर्य जोरात येत नाही, म्हणजे मूल होणार नाही.

समजा, सव्वीस वर्षांच्या एका तरुणाचं वीर्य उडत नाही, ओघळतं. शेवटचे थेंब बोटाने दाबून काढावे लागतात. याचं कारण अंडकोषात नसून नळीत आहे. ऑपरेशनमध्ये त्वचेपासून बनवलेल्या नव्या मूत्रमार्गाभोवती मूळ मार्गासारखं लवचिक स्पंजी आवरण नसतं, त्यामुळे वीर्य पुढे ढकललं जाण्याऐवजी नळीत रेंगाळतं. शुक्राणू मात्र सहसा नेहमीसारखेच असतात. खात्री हवी असेल तर वीर्यतपासणी पुरते. छिद्र फार मागे होतं किंवा अंडकोष उतरलेले नव्हते, तर ही तपासणी जरूर करावी.

लघवीनंतरही थेंब गळत राहत असतील, किंवा लघवी करताना खालच्या बाजूला फुगवटा येत असेल, तर नळीला पिशवी झाली असण्याची शक्यता असते. बारीक धार आणि जोर करावा लागणं हे नळी अरुंद झाल्याचं लक्षण. युरोफ्लोमेट्री या साध्या तपासणीत लघवीचा वेग मोजला जातो. त्यासाठी यंत्राच्या भांड्यात लघवी करायची, एवढंच.

गैरसमज: ऑपरेशनमध्ये लिंग सरळ केलं होतं, आता वाकणार नाही.

वयात येताना लिंग वाढतं, पण व्रण आणि खालची ऊती तेवढी वाढतेच असं नाही. त्यामुळे ताठरतेत खाली वाक दिसू शकतो. बाजूने एक फोटो काढून डॉक्टरांना दाखवणं हा सगळ्यात उपयोगी पुरावा; लाजायचं कारण नाही. साधारण तीस अंशांपर्यंतचा वाक बहुतेकांच्या संबंधांत अडथळा आणत नाही. त्याहून जास्त असेल किंवा दुखत असेल, तर वरच्या बाजूला टाके घेऊन सरळ करता येतो. त्यात लांबी थोडी कमी होते, हे आधी समजून घ्यावं.

गैरसमज: बायकोला लगेच कळेल.

दुरुस्तीत पुढची त्वचा अनेकदा वापरली जाते, म्हणून लिंग सुंता केल्यासारखं दिसतं. 'ऑपरेशन झालं होतं' एवढं उत्तर पुरेसं आहे. स्वतःच्या दिसण्याबद्दल हे पुरुष जितके नाराज असतात, तितका फरक तपासणाऱ्याला अनेकदा दिसत नाही. आणि निव्वळ दिसण्यासाठी पुन्हा ऑपरेशन करायचं, तर आधीच्या व्रणामुळे फिस्टुला, म्हणजे भलत्या जागी लघवीचं छिद्र, होण्याचा धोका वाढतो.

जुने कागद नसले तरी चालतं. लहान मुलांच्या सर्जनकडे नव्हे, प्रौढांच्या मूत्रमार्गाची पुनर्रचना करणाऱ्या युरोलॉजिस्टकडे जा.