तिचा मंगळ, त्याचा शनी: जोडप्यांच्या पत्रिकेत ज्योतिषी नेमकं काय बघतात?

लग्नासाठी पत्रिका जुळवताना 36 गुण मोजले जातात, पण ते चंद्राच्या राशी आणि नक्षत्रावरून. म्हणून काही ज्योतिषी गुणमेलनाबरोबर आणखी एक गोष्ट तपासतात. एकाच्या पत्रिकेतला मंगळ दुसऱ्याच्या शनीला भिडतो का?

ज्योतिषशास्त्रात मंगळ म्हणजे जोर, घाई, राग. शनी म्हणजे ब्रेक, शिस्त, उशीर.

एक काल्पनिक जोडी घेऊ. तिचा जन्म मार्च 2002चा, मंगळ मेष राशीत 12 अंशांवर. त्याचा जन्म मे 1999चा, शनी मेषेतच 15 अंशांवर. दोघांत फक्त तीन अंशांचं अंतर. ही झाली जवळची युती. फरक पाच-सहा अंशांच्या आत असेल तर परिणाम ठळक मानतात.

आता ती म्हणते, "नोकरी सोडते, स्वतःचं किचन सुरू करते." तो विचारतो, "सहा महिन्यांचं भाडं बाजूला आहे का?" ज्योतिषांच्या मते इथे तिला वाटतं, हा प्रत्येक वेळी पाय ओढतो. त्याला वाटतं, ही मला सतत ढकलते. म्हणजे चिडचिड दोन्हीकडे होते, फक्त कारण वेगळं. ती मनात साठत गेली तर अबोला, टोमणे आणि मग एकदम स्फोट, असं वर्णन ते करतात.

याच योगाची दुसरी बाजू म्हणजे दम. तिचा जोर आणि त्याचं वेळापत्रक एका कामाला लागलं तर घराचं कर्ज किंवा नवा धंदा अशी लांब पल्ल्याची कामं ही जोडी पूर्ण करते, असं मानतात. दोन ग्रहांत 120 अंशांचा नवपंचम योग असेल तर हे सहज घडतं. 90 अंशांच्या केंद्रयोगात किंवा समोरासमोरच्या प्रतियोगात मात्र आधी खटके उडतात, असं सांगतात.

पण एक हिशेब लक्षात ठेवा. शनी एका राशीत साधारण अडीच वर्षं असतो, मंगळ साधारण दीड महिना. एप्रिल-मे 1999 मध्ये जन्मलेल्या जवळपास प्रत्येकाचा शनी मेषेच्या याच पट्ट्यात आहे. म्हणजे त्याच्यासोबत तिचा जो योग होतो, तोच त्या दोन महिन्यांत जन्मलेल्या त्याच्या वर्गमित्रांसोबतही होतो! म्हणून जाणकार ज्योतिषीही फक्त या एका योगावर निकाल देत नाहीत. लग्न, चंद्र, शुक्र आणि सप्तम स्थानही बघतात.

शिवाय अशा योगांमुळे नाती टिकतात किंवा तुटतात, याला वैज्ञानिक पुरावा नाही. त्यामुळे "मंगळ-शनी भिडतात, स्थळ नको" असं कुणी सांगितलं, तर आधी त्या व्यक्तीशी पैसे, काम आणि राग या तीन विषयांवर बोला. ती अडून बसते की ऐकून घेते, हे त्या गप्पांत कळेल.