रिटर्न भरलं, पण वेळेत भरलं का?

जून उजाडला की माझ्या टेबलावर फॉर्म १६च्या प्रिंट जमायला लागतात. कंपनीने तो १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. त्याच सुमारास कापलेल्या कराच्या नोंदी 26AS आणि AISमध्येही दिसू लागतात. म्हणून त्याआधी रिटर्न भरायची घाई करू नये आणि त्यानंतर ३१ जुलैची वाट पाहत बसू नये, एवढंच मी सगळ्यांना सांगतो. तरी निम्मे लोक शेवटच्या आठवड्यातच येतात. २०२५ साली मुदत वाढून १५ सप्टेंबर झाली, वर आणखी एक दिवस मिळाला. तेव्हापासून ‘वाढेल हो’ म्हणणारे जास्तच झालेत.

नोकरदारांचा ठरलेला युक्तिवाद असा: ‘कर तर कंपनीने कापलाच आहे, रिटर्न चार दिवस उशिरा गेलं तर काय बिघडतं?’ बिघडतं ते करप्रणालीत. जुनी प्रणाली हवी असेल तर रिटर्न मुदतीतच जावं लागतं. मुदत टळली की नवी प्रणाली आपोआप लागू होते आणि घरभाडं, गृहकर्जाचं व्याज, ८०सी या वजावटी हातच्या जातात.

पुण्यात भाड्याने राहणाऱ्या, नाशिकच्या फ्लॅटचे हप्ते फेडणाऱ्या एका इंजिनिअरचं उदाहरण घ्या. २०२५-२६चा पगार १४ लाख. वजावटी जाऊन जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न उरलं ७ लाख ३५ हजार आणि सेस धरून कर ६१,८८० रुपये. कंपनीने तेवढाच कापला. नव्या प्रणालीत फक्त ७५ हजारांची प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे कर होतो ८१,९००. म्हणजे उशीर झाला तर २०,०२० रुपये खिशातून, वर ५,००० रुपये विलंब शुल्क आणि व्याज वेगळं.

या उशिराची एक छुपी तऱ्हाही आहे. रिटर्न २९ जुलैला सबमिट केलं, पावती मिळाली, माणूस निर्धास्त झाला. पण आधार ओटीपी टाकून ई-व्हेरिफाय करायचं राहिलं. त्यासाठी ३० दिवस मिळतात. ते उलटल्यावर, समजा ऑक्टोबरमध्ये, व्हेरिफाय केलं तर रिटर्न ऑक्टोबरमध्येच भरलं असं धरतात. म्हणजे वरचा सगळा हिशेब जुलैत रिटर्न भरणाऱ्यालाही लागू होतो.

पेन्शनरांची अडचण निराळी. ‘मला कर लागतच नाही’ म्हणून ते येतच नाहीत. आमच्या सोसायटीतल्या एका काकूंना काकांमागे वर्षाला ३ लाख ६० हजार फॅमिली पेन्शन मिळते आणि एफडीचं १ लाख ८० हजार व्याज. ज्येष्ठांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला लाखाच्या वर गेलं की बँक १० टक्के टीडीएस कापते. त्यांचे १८,००० कापले गेले होते.

‘काकू, पेन्शन कुठल्या रकान्यात टाकली?’ मी विचारलं.

‘पगारात. ह्यांची तिथेच असायची ना!’

काकांची स्वतःची पेन्शन पगारात धरली जायची, ते बरोबरच होतं. फॅमिली पेन्शन मात्र ‘इतर उत्पन्ना’त जाते. तिला ७५ हजारांची प्रमाणित वजावट नाही. नव्या प्रणालीत पेन्शनचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांपैकी कमी असेल तेवढी मिळते. काकूंचं एकूण उत्पन्न झालं ५ लाख १५ हजार. १२ लाखांपर्यंतच्या सवलतीमुळे कर शून्य आणि १८,००० पूर्ण परत.

कर शून्य असला तरी त्यांना रिटर्न भरावंच लागतं, कारण उत्पन्न ४ लाखांच्या मूळ मर्यादेपलीकडे आहे. मुदत चुकली तर शुल्कही लागतं: एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १,०००, त्यापुढे ५,०००. काकू १५ हजारांनी पुढे असल्याने ऑगस्टमध्ये भरलं असतं तर रिफंड १३,०००च हाती आला असता. उशिराचं रिटर्नही ३१ डिसेंबरपर्यंतच भरता येतं. त्यानंतर रिफंड मागायचा हा साधा रस्ता बंद होतो.

दुसऱ्या बँकेत १५एच दिला म्हणून तिथलं व्याज दाखवायचं नाही, हाही एक नेहमीचा गैरसमज. त्या फॉर्मने टीडीएस थांबतो, व्याज करमुक्त होत नाही. ते AISमध्ये दिसतं, आणि रिटर्नमधला आकडा त्याच्याशी जुळला नाही तर विभागाचा निरोप येतो. म्हणून आधी AIS उघडून प्रत्येक बँकेचं व्याज पासबुकाशी ताडून घ्यावं.

शेवटी पोर्टलवर View Filed Returns उघडा. तिथे रिटर्न व्हेरिफाय झाल्याची नोंद दिसत नसेल, तर हातात पावती असूनही तुमचं काम अजून बाकी आहे.